शेळ्या की नाष्ट्याचा गाडा : घरच्या 40 हजारांची जोखीम कुठे कमी?

घरून 40 हजार घेतलेत आणि ते बुडाले तर वडिलांना तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती असेल तर नफ्याचा हिशोब नंतर करा. धंदा जमत नाही हे किती दिवसांत कळेल आणि त्या दिवशी हातात किती उरेल, ते आधी बघा. खालचे आकडे अंदाजाने धरलेत, आपल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

लातुरात क्लासेसच्या भागात पोहे-भज्यांचा गाडा लावला असं समजू. जुना गाडा 12 हजार, शेगडी-कढई-भांडी 8 हजार, व्यावसायिक सिलिंडरचं डिपॉझिट 3 हजार, पहिला किराणा 5 हजार. उरलेल्या 12 हजारांना हात लावायचा नाही. रोजच्या गल्ल्यातून दुसऱ्या दिवसाचा किराणा निघतो का, हे महिनाभरात दिसतं. नाही निघाला तर गाडा 9 हजारांना, भांडी 4 हजारांना जातील आणि डिपॉझिट परत येईल. तोटा साधारण 12 हजारांचा. फक्त उधारीची वही ठेवू नका, आणि गिऱ्हाईक निव्वळ क्लासच्या पोरांचं नको. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की ती गावाकडं जातात.

शेळ्यांचं गणित उलटं आहे. आठ हजारांची एक धरून चार उस्मानाबादी शेळ्या 32 हजारांना येतील, 8 हजार गोठा-खुराकाला. ही जात इथलीच, ऊन सोसते, बऱ्याचदा जुळी देते. कागदावर गाड्यापेक्षा सरस दिसते. पण गाभण काळच पाच महिन्यांचा, पुढे करडं विकायजोगी व्हायला सहा-आठ महिने. म्हणजे वर्षभर पैसा बाहेरच जातो. जिवंत शेळी घेतल्या भावाला विकता येते, मेलेली कवडीलाही नाही. बाजारातून आणलेली एक जरी पीपीआर हा साथीचा रोग घेऊन आली, तर नाक गळणं, तोंडात फोड, हगवण हे चारही जणींना होतं. दुष्काळात चारा संपला की सगळा तालुका एकदमच शेळ्या विकायला काढतो, भाव पडतो, हेही आपल्याकडं नवं नाही.

म्हणून शहरात राहत असाल किंवा घरी चारणारं कुणी नसेल, तर सरळ गाडा. घरचं रान आणि राखणारी आजी असेल तरच शेळ्या, आणि त्याही चार नव्हे, दोनच. ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून, दात आणि कास बघून घ्या. आणल्यावर दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळ्या बांधा. पीपीआरची लस टोचून घ्या, आंत्रविषाराची पावसाळ्याआधी. विमा काढलात तर कानातला बिल्ला पडू देऊ नका, बिल्ल्याशिवाय दावा अडतो. उरलेले पैसे चाऱ्याची सोय होईपर्यंत आईकडेच राहू द्या.