पांढरी पार्श्वभूमी की सजवलेली खोली? कॅटलॉगच्या फोटोंसाठी डिझायनरला पत्र लिहिण्याआधी

लग्नसराईच्या आधी नवा कॅटलॉग काढायचा ठरला की दुकानदार डिझायनरला बहुतेक वेळा एकच ओळ लिहितो: ‘फोटो एकदम भारी दिसले पाहिजेत.’ या ओळीतून डिझायनरला काहीच कळत नाही. त्याला आधी हे कळायला हवं की माल पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटा दाखवायचा की खोलीत मांडून. कॅमेरा किती उंचीवर ठेवायचा, प्रकाश कुठून घ्यायचा, एका दिवसात किती नग होतील, हे सगळं त्यावरच ठरतं. म्हणून आधी हे ठरवा, मग पत्र लिहा.

उदाहरणाला नेहमीचा संसार सेट घेऊ. सहा बाय साडेसहा फुटांचा सागवानी बॉक्स पलंग, त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाची टेबलं, तीन दारांचं कपाट आणि ड्रेसिंग टेबल.

पांढऱ्या पार्श्वभूमीचा मोठा फायदा म्हणजे गिऱ्हाईक मालच बघतं. कपाटाची तीन मॉडेलं शेजारी-शेजारी ठेवली की हँडल, दारावरची नक्षी, आरसा यांतला फरक लगेच दिसतो. सगळ्या पानांना एकच शिस्त येते आणि पुढच्या वर्षी नवं मॉडेल आलं तर तेवढाच फोटो बदलता येतो. काम भराभर उरकतं, त्यामुळे खर्चही आवाक्यात राहतो.

पण यात दोन गोष्टी बिघडतात. फोटो कापताना डिझायनरने पायांखालची सावली पुसली तर पलंग हवेत तरंगल्यासारखा दिसतो. म्हणून ‘पाय जमिनीला टेकतात तिथली खरी सावली ठेवा’ हे पत्रात स्पष्ट लिहा. दुसरं म्हणजे पांढऱ्या सनमायकाचं ड्रेसिंग टेबल पांढऱ्यावर विरघळून जातं, कडाच दिसत नाहीत. अशा नगांना फिकट राखाडी पार्श्वभूमी मागा. शिवाय एकट्या पलंगाच्या फोटोवरून त्याच्या आकाराचा अंदाज येत नाही. शेजारी मापं छापली तरी सहा फूट म्हणजे आपल्या खोलीत किती, हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही.

सजवलेल्या खोलीची गोष्ट वेगळी. पलंग, टेबलं, कपाट एकत्र दिसली की सेट म्हणून विकला जातो आणि गावाकडच्या घरातली मोठी माणसं मोबाईलवरच्या फोटोवरून होकार देतात. अडचण होते ती खोलीच्या मापाची. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत झोपायची खोली दहा बाय बारा असते. दहा फुटांच्या भिंतीला सहा फुटांचा पलंग आणि तीन फुटांची टेबलं लावली की एक फूट उरतो. पलंगापुढे साडेपाच फूट राहतात. त्यातले दोन फूट समोरच्या कपाटाने घेतले की चालायला साडेतीन. कपाटाचं दीड फुटाचं दार उघडलं की दोनच फूट. हाच सेट सोळा बाय अठराच्या खोलीत मांडून फोटो काढला तर भिंतीला सात फूट मोकळे दिसतात आणि पलंग लहान वाटतो. गिऱ्हाईक मोठा पलंग मागतं, माल घरी पोचतो आणि कपाटाचं दार उघडलं की चालायला जागा कमी पडते. त्यामुळे खोलीतला फोटो हवा असेल तर खोलीचं माप तुम्हीच सांगा.

कधी कधी डिझायनर सुचवतो की पांढऱ्यावरचा फोटो कापून तयार खोलीच्या चित्रात बसवू. स्वस्तात होतं, पण कॅमेऱ्याची उंची जुळली नाही तर फसतं. पलंगाचा फोटो पाच फुटांवरून काढलेला आणि खोलीचा तीन फुटांवरून, असं असेल तर गादी पुढे घसरल्यासारखी दिसते. सावली बघूनही हे ओळखता येतं: खिडकी डावीकडे आणि पलंगाची सावलीही डावीकडे पडलेली असेल तर ती जोडणी आहे. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण माल खोटा वाटतो.

त्यापेक्षा दुकानातच एक कोपरा उभा करा. सुतार आणि प्लायवूड घरचंच असतं. आठ बाय चारच्या तीन शीट उभ्या लावल्या की बारा फुटांची मागची भिंत होते आणि दोन शीटची आठ फुटांची बाजूची. सांध्यांत पुट्टी भरून घ्या, नाहीतर उभ्या रेषा फोटोत उमटतात. चकचकीत फरशीत ट्यूबलाइटच्या पट्ट्या दिसतात, म्हणून खाली मॅट चटई अंथरा. समोर दहा-बारा फूट मोकळे ठेवा. जागा कमी पडली की फोटोग्राफर रुंद लेन्स लावून जवळ येतो आणि पलंगाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा दुप्पट जाड दिसायला लागतो.

आमचं मत असं: कपाटं, खुर्च्या, टेबलं, म्हणजे ज्यात चार मॉडेलांतून एक निवडायचं असतं, ती पांढऱ्यावर घ्या. पलंग आणि पूर्ण सेट कोपऱ्यात मांडून घ्या. बजेट फारच आवळलेलं असेल तर सगळं पांढऱ्यावर घ्या, पण अर्धवट जोडलेल्या खोल्या नकोत.

पत्रातला मुख्य मजकूर असा ठेवता येईल:

‘नमस्कार. कपाटं पांढऱ्यावर हवीत, कॅमेरा साधारण तीन-साडेतीन फुटांवर आणि सरळ ठेवा, म्हणजे उभ्या कडा वर जाताना आत झुकणार नाहीत. आरशात फोटोग्राफर किंवा दुकानाचं शटर दिसू नये. थोडं तिरकं उभं राहून समोर पांढरा कपडा धरा. पलंग कोपऱ्यात घ्या, कॅमेरा पाच फुटांवर, म्हणजे गादीचा वरचा भाग दिसेल. प्रकाश डावीकडून, खिडकीतून आल्यासारखा. दुकानाचे दिवे बंद ठेवा. बॉक्स उघडलेला एक फोटो वेगळा हवा. पलंगावर हिमरूची एक शाल चालेल, बाकी सजावट नको. गादी, उशा किमतीत धरलेल्या नाहीत, ते त्याच पानावर छापा. सोबत पॉलिश केलेला सागाचा सहा इंची तुकडा पाठवतोय, रंग त्याच्याशी जुळवा.’

हा तुकडा पत्राइतकाच कामाचा. सागाचा रंग फोटोत सगळ्यात आधी बिघडतो. पिवळ्या एलईडीखाली तो नारिंगी दिसतो, आणि खिडकीचा उजेड व ट्यूबलाइट एकत्र आले तर एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट होते. संगणकावर अख्ख्या फोटोचा रंग एकाच बाजूला वळवता येतो, त्यामुळे दोन प्रकाशांची सरमिसळ नीट सुटत नाही. म्हणून एकच प्रकाश ठेवायचा. प्रत्येक मांडणीच्या पहिल्या फोटोत हा तुकडा आणि एक राखाडी कार्ड ठेवायला सांगा. कार्डावरून रंग सुधारता येतो आणि तुकड्यावरून तपासता येतो. फोटोआधी पॉलिशवरची धूळ मऊ कोरड्या कापडाने पुसून घ्या. अक्रोडी शेडवर धुळीचा प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन दिसतो.

फाइली दोन प्रकारच्या मागा. छपाईला पूर्ण A4 पानाचा फोटो ३०० dpi ने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतो आणि रंग CMYK मध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात. मोबाईलवर पाठवायला लहान फाइल, sRGB या स्क्रीनसाठीच्या रंगांत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली फाइल दाबली जाते, ती छापखान्यात देऊ नका. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

छपाईच्या आधी पलंगाच्या पानाचा एक नमुना काढून घ्या आणि दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात पण उन्हाबाहेर, सागाच्या तुकड्याशेजारी धरा. स्क्रीनवर होकार देऊ नका, कारण कागदावर लाकूड बऱ्याचदा गडद उतरतं. तुकड्यापेक्षा पान लालसर दिसलं तर डिझायनरला तेच शब्द लिहा, ‘लालसर आहे, कमी करा’, आणि दुसरा नमुना मागा.