"मिस्टर आणि बाळ तीन महिन्यांत मागोमाग": जर्मनीच्या नर्सिंग भरतीत माझं काय झालं

मी मिरजेची, जीएनएम नर्स. नऊ वर्षं आयसीयूत काढली आणि आता जर्मनीत थुरिंगिया राज्यातल्या एका लहान गावात वृद्धाश्रमात काम करते. म्हणजे नोकरी खोटी नव्हती, व्हिसाही खरा होता. फसवलं ते दोनच बाबतीत, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी मी एजंटला खोदून खोदून विचारल्या होत्या: जर्मन किती यायला हवी, आणि नवरा नि मुलगी कधी येणार.

त्याचं पहिलं उत्तर मला पाठ आहे. "ताई, बी-वन झालं की विमानात बसायचं. बी-टू तिथं गेल्यावर कानावर पडून पडून होतंय." ए-वन, बी-वन, बी-टू या जर्मन भाषेच्या परीक्षेच्या चढत्या पायऱ्या. अर्धं खरं होतं. व्हिसाला बी-वन पुरलं. पण त्या व्हिसाचं नाव नर्सचा व्हिसा नाही. तो आपलं नर्सिंगचं शिक्षण तिकडे मान्य करून घेण्यासाठीचा, जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम १६ डीचा परवाना. ते मान्य होईपर्यंत तुम्ही नर्स नाही, मदतनीस. मान्यतेसाठी माझ्या राज्यात बी-टू लागतं, आणि वर 'डेफिझिट-बेशाइड' नावाचा कागद येतो. आपल्या अभ्यासक्रमात तिथल्या मानाने काय कमी पडतं ते त्यात लिहिलेलं असतं. ती उणीव परीक्षा देऊन भरायची किंवा दवाखान्यात प्रशिक्षण घेऊन. यातलं एक अक्षर त्यानं सांगितलं नव्हतं.

कानावर पडून बी-टू होत नाही. कानावर पडते ती ऐंशी वर्षांच्या आजोबांची दात नसलेल्या तोंडातली थुरिंगियन बोली. पाळी बदलताना जो तोंडी अहवाल देतात, 'यूबरगाबे', तो पहिले चार महिने माझ्या डोक्यावरून गेला. रात्री डॉक्टरला फोन करायची वेळ आली की मी जर्मन सहकारणीला उठवायचे. नऊ वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेली बाई तिथं अंघोळ घालणं, डायपर बदलणं आणि जेवण भरवणं करत होती. त्या कामाची लाज नाही. पण पगारही मदतनिसाचा होता: करारात २६०० युरो, कर आणि विमा कापून हातात साधारण १८५०. एजंटनं सांगितलेला आकडा मान्यता मिळाल्यानंतरचा, आणि तोही कपातीआधीचा.

गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी-टूच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. मला श्रवणात ५३ पडले. या परीक्षेत नापास झालेला तेवढाच भाग पुन्हा देता येतो, एवढं नशीब. दिवसभर ड्युटी करून संध्याकाळी वर्ग, असं करत पास व्हायला मला दीड वर्ष लागलं.

आता कुटुंबाचं. "मिस्टर आणि बाळ तीन महिन्यांत मागोमाग. टेन्शन घेऊ नका. डिपेंडंट व्हिसा असतोय, भाषा लागत नाही. घर कंपनी देते." या आश्वासनाचे त्यानं वेगळे ९०,००० घेतले, 'फॅमिली पॅकेज' म्हणून. करार जर्मन भाषेत होता. त्यानं दिलेल्या इंग्रजी सारांशात 'फॅमिली सपोर्ट, हाउसिंग' असं होतं. मूळ कागदात काय होतं ते मला इथं आल्यावर, स्वतःला वाचता यायला लागल्यावर कळलं: मालक 'घर शोधण्यास साहाय्य' करील. शोधण्यास. आणि मला मिळाली ती वसतिगृहातली एक खोली, एका व्यक्तीसाठी, भाडं ३८० युरो. तिथं दुसरं माणूस राहायला परवानगीच नाही.

परदेशी नागरिक कार्यालयातल्या बाईंनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. रागावल्या नाहीत, फक्त पेन फिरवत गेल्या. सहा वर्षांवरच्या माणसाला १२ चौरस मीटर, त्याखालच्या मुलाला १०. आम्हा तिघांना ३४. माझी खोली १६. मग उत्पन्न: घरभाडं आणि तिघांचा खर्च सरकारी मदतीशिवाय भागला पाहिजे. १८५० मध्ये ते बसत नव्हतं. आणि माझ्या परवान्यावर नवऱ्याला येण्याआधी ए-वन लागतं. मी म्हटलं, एजंट म्हणाला होता लागत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, काही परवान्यांवर, उदाहरणार्थ जास्त पगाराच्या उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या ब्लू कार्डवर, खरंच लागत नाही, तुमच्यावर लागतं. लबाडी कुठं होती ते मला त्या खुर्चीत बसल्यावर उमगलं. त्यानं दुसऱ्याचा नियम मला सांगितला होता.

घरी फोन केला तर नवरा गप्प. त्यानं माझ्या तिकिटाच्याच आठवड्यात कारखान्यातली नोकरी सोडायची नोटीस दिली होती. तीन महिन्यांत जायचंच आहे म्हणून. नोटीस मागं घेता आली नाही. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती; सासूबाईंकडे राहिली.

पैशाचं एकदा सांगून टाकते. ३०,००० नोंदणी, १,८५,००० 'भाषा वर्ग व मार्गदर्शन', ९०,००० वर लिहिलेले. आपल्या एमिग्रेशन कायद्याच्या नियमांत नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. म्हणून बाकीचे पैसे वेगळ्या फर्मच्या पावतीवर, भाषा वर्गाच्या नावानं. वर्ग म्हणजे आठवड्याला दोन ऑनलाइन तास. बी-वनसाठी मला पुण्याच्या मॅक्समुल्लरच्या परीक्षेआधी स्वतःच्या पैशानं दुसरी शिकवणी लावावी लागली. आणि त्याचं नाव emigrate.gov.in वर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत नव्हतंच. तिथं शोधायला पाच मिनिटं लागतात. मी शोधलं ते इथं येऊन आठ महिन्यांनी. जर्मनीत 'फेअर' भरतीचा सरकारी शिक्का असलेल्या एजन्सीला तर नर्सकडून पैसे घेण्याचीच मनाई आहे, खर्च मालकाचा. हेही तेव्हाच कळलं.

तक्रार केली, वकिलाची नोटीस पाठवली. ६०,००० परत आले. बाकीच्यावर तो म्हणतो, वर्ग तर घेतलेच ना ताई. पावतीवर तसंच लिहिलंय, त्यामुळं वकीलही फार काही करू शकले नाहीत.

मी त्याच्याशी जे काही बोलले ते सगळं व्हॉट्सॲप कॉलवर. "लेखी पाठवा" असं दोनदा म्हटलं तेव्हा दोन्ही वेळा त्यानं फोन केला, फार आपुलकीनं. आज मला कुणी विचारलं तर एवढंच लेखी मागायला सांगते: मान्यता मिळेपर्यंत माझा हुद्दा काय आणि हातात पगार किती, माझा परवाना कोणत्या कलमाखाली, त्या कलमावर जोडीदाराला भाषा लागते का, आणि राहण्याची जागा किती चौरस मीटर, किती माणसांची. चारही उत्तरं त्याला माहीत असतात. लिहून द्यायला तो टाळाटाळ करतो की नाही, ते बघायचं.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या वॉर्डातल्या एका पोरीचा मेसेज आला, सोबत त्याच माणसाचा व्हॉइस मेसेज. तोच आवाज, तेच "मागोमाग". तिला मी वरच्या चार गोष्टी पाठवल्या. तिनं त्या त्याला पुढं ढकलल्या आणि त्यानं तिला ब्लॉक केलं.

नवऱ्यानं पुण्यात ए-वन दिलं, पास झाला. माझी मान्यतेची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मुलगी मध्यंतरी सहा वर्षांची झाली, त्यामुळं आता तिच्या वाट्यालाही १२ चौरस मीटर लागतात.