रशियनमधून लाटवियन: सात महिने तपासनीस वापरल्यावर

रशियनमधून लाटवियनमध्ये छोटे मजकूर आणायचं काम मी सात महिने करतोय. त्यात दोन गोष्टी रोज हाताखाली असतात: कीबोर्डची लाटवियन मांडणी आणि शुद्धलेखन तपासनीस. मांडणीबद्दल तक्रार नाही. आधी अपॉस्ट्रॉफी दाबायचा, मग a, की `ā` उमटतो. आठवडाभर बोटं अडखळली, एवढंच.

तपासनीस मात्र अर्धवट कामाचा. `izstade` लिहिलं की लगेच लाल रेघ येते, कारण असा शब्दच नाही. हवं `izstāde`, म्हणजे प्रदर्शन. इथवर छान. पण रशियनमध्ये 'रिगामध्ये' म्हणायला आधी 'व' हे शब्दयोगी येतं. लाटवियनमध्ये ते लागतच नाही. नावाचा शेवटचा स्वर दीर्घ केला की सप्तमी झाली: `Rīgā`. आपल्या 'पुण्यात'मधल्या 'त'चं काम तिथे अक्षरावरची आडवी रेघ करते. मी एका पाटीसाठी `Izstāde Rīga` लिहून पाठवलं. लाल रेघ नाही, कारण `Rīga` हाही शुद्ध शब्द, प्रथमेतला. अर्थ मात्र 'प्रदर्शन रिगा' असा काहीतरी झाला. मुद्रितशोधक बाईंनी हसून परत पाठवलं.

दुसरी चूक जास्त चिवट. 'कागदपत्रांशिवाय' याला रशियनमध्ये 'बेज़'नंतर षष्ठीचं अनेकवचन लागतं. लाटवियनमध्येही तेच `bez` आहे, एकवचनात षष्ठीच घेतं, म्हणून मी डोळे मिटून `bez dokumentu` लिहीत राहिलो. पण लाटवियनमध्ये अनेकवचनी नामाआधी कुठलंही शब्दयोगी आलं तरी नाम चतुर्थीतच जातं: `bez dokumentiem`. तपासनीस इथेही गप्प. `dokumentu` हे रूप सुटं पाहिलं तर बरोबरच आहे. रशियन जितकी चांगली येते तितकी ही चूक जास्त होते, हे माझं मत.

आता काम संपल्यावर `bez`, `no`, `pie`, `pēc` एकेक शोधतो आणि पुढचं नाम अनेकवचनी असेल तर शेवट पाहतो. मग मूळ रशियन उघडून प्रत्येक 'व' आणि 'ना'वर खूण करतो, आणि त्या जागी लाटवियनमध्ये सप्तमी हवी होती का, असेल तर दीर्घ स्वर पडलाय का, ते बघतो. दोन पानांना वीसेक मिनिटं जातात.

मध्ये थोडं लिथुआनियनही केलं. तिथे `knyga` म्हणजे पुस्तक, आणि 'पुस्तक वाचतो' म्हणताना द्वितीयेत `knygą`. ती खालची शेपटी एके काळी नाकातल्या उच्चाराची खूण होती. आज नुसता दीर्घ 'आ' म्हणतात. आपल्याकडे 'केलें', 'घरें' यांवरचे असे न उच्चारलेले अनुस्वार 1962च्या नियमांनी गेले. तिथे शेपटी राहिली, आणि कर्म कुठलं हे तीच सांगते. ती गाळली तरी लाल रेघ येत नाही.

मांडणीला पाचपैकी पाच, तपासनिसाला तीन.