दाखले ट्रान्सलेशन साइटवर टाकताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आसपास पानामागे पैसे घेणारी एक ऑनलाइन ट्रान्सलेशनची साइट वापरायला लागले, ती अजून वापरतेय. नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते अशा कुठल्याही साइटला लागू पडतं. नणंदेचं जर्मनीला जायचं चाललंय, मिस्टरांची यूकेला बदली होणार असं ऑफिसात बोललं जातंय, त्यामुळे मराठी कागदांचं इंग्रजी करायचं काम घरात माझ्याकडेच येतं. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, सासऱ्यांचा जुना हाताने लिहिलेला जन्मदाखला, सगळं यातून करून झालं.

ट्रान्सलेशन चांगलं आहे, ते आधीच सांगते. दाखल्यातले रकाने जसेच्या तसे राहतात, पाच मिनिटांत फाइल हातात येते. हाताने लिहिलेलं मात्र नीट वाचलं जात नाही, सासऱ्यांचा दाखला शेवटी मलाच टाइप करावा लागला.

माझं खरं दुखणं वेगळंय. पहिला खरा कागद टाकायच्या आधी मी एक साधी टेस्ट केली. फराळाच्या सामानाची यादी कागदावर लिहिली, फोटो काढून अपलोड केली, तयार फाइलची लिंक कॉपी केली आणि मिस्टरांच्या फोनवर, लॉगिन न करता, प्रायव्हेट विंडोत उघडली. उघडली की! पासवर्ड नाही, काही नाही. मग साइटवर जाऊन फाइल डिलीट केली, लिस्टमधून ती गेली, पण जुनी लिंक दुसऱ्या दिवशीही चालत होती आणि काही आठवड्यांनी परत बघितलं तर तेव्हाही. म्हणजे डिलीट फक्त माझ्या नजरेआड, त्यांच्या सर्व्हरवर फाइल तशीच. प्रायव्हसी पॉलिसीत लिहिलंय की फाइल ‘सेवा सुधारण्यासाठी’ ठेवू शकतो, किती दिवस ते कुठेच नाही. ही टेस्ट तुम्हीही करा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि बिनमहत्त्वाच्या कागदावरच करा.

आणि लिंक कोणाला कशी सापडणार असं वाटत असेल तर 2017 सालचं उदाहरण बघा. Translate.com या साइटवर लोकांनी टाकलेला मजकूर गूगलवर सर्च करून सापडत होता, नॉर्वेच्या एनआरके या वाहिनीने ते उघडकीस आणलं, स्टॅटऑइल कंपनीतल्या लोकांनी टाकलेली पत्रं, करार, पासवर्डसुद्धा त्यात होते. ते कोणी हॅक केलं नव्हतं, मजकूर नुसता उघडा पडला होता.

तरी मी साइट सोडली नाही, कारण एक गोष्ट लक्षात आली की ट्रान्सलेशन लागतं ते शब्दांचं, नंबरांचं नाही. आधार नंबर इंग्रजीतही तोच राहतो. नावाचं स्पेलिंग तर पासपोर्टप्रमाणेच लागतं, मशीनने काहीही दिलं तरी ते मी हातानेच टाकणार. मग या गोष्टी साइटला दाखवायच्याच कशाला?

मुलीच्या दाखल्याचंच सांगते, कारण तो दिसायला साधा असतो आणि त्यात सगळ्यात जास्त माहिती असते. हल्लीच्या दाखल्यात वरच्या भागात स्टुडंट आयडी आणि यूआयडी म्हणजे आधार नंबरचे चौकोन असतात. बरेच जण आधार कार्ड जपून ठेवतात आणि दाखला बिनधास्त कुठेही टाकतात, तर नंबर तिथेही आहेच. खाली मुलीचं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आणि जन्मतारीख दोनदा, एकदा अंकी, एकदा अक्षरी. मी बघितलंय, लोक अंकी तारीख झाकतात आणि शेजारची अक्षरी तारीख तशीच राहते.

झाकताना हीच चूक सगळ्यात जास्त होते, एकच माहिती कागदावर दोन-तीन ठिकाणी असते आणि आपण एकाच ठिकाणी पट्टी लावतो. पासपोर्टवर नंबर वरती छापलेला असतो, पण खाली बाण बाण असलेल्या 44 अक्षरांच्या दोन ओळी असतात त्यात नंबर, जन्मतारीख, एक्स्पायरी परत सगळं असतं. बऱ्याच पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता, आईवडिलांची नावं आणि फाइल नंबर, आणि फाइल नंबर अधिक जन्मतारीख एवढ्यावर पासपोर्टच्या साइटवर अर्जाचं स्टेटस दिसतं. टपालाने आलेल्या लांब आधारवर नंबर वरच्या भागात असतो आणि कापायच्या कार्डावर परत असतो, शिवाय क्यूआर कोड. 2018 च्या आधीच्या आधारवरचा क्यूआर तर कुठल्याही स्कॅनर ॲपने वाचला की त्यात अख्खा बारा आकडी नंबर निघतो. नवीन क्यूआरमध्ये नंबराचे शेवटचे चारच आकडे असतात, पण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असतोच. म्हणून क्यूआर दिसला की पूर्ण झाकायचा.

अजून एक. आधारचे एकदोन आकडे झाकून काही होत नाही. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एकच आकडा झाकला असेल तर तो बाकीच्यांवरून सरळ काढता येतो. पहिले आठ झाकायचे. तसं तर आधारचं ट्रान्सलेशन लागतच नाही हो, त्यावर इंग्रजी आधीच छापलेलं असतं! कोणी मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, myaadhaar.uidai.gov.in वर डाउनलोड करताना मास्क्डच्या चौकोनात टिक करायची, पहिले आठ आकडे झाकूनच येतात. त्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून कोणी तो सेफ समजत असेल तर पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल, आणि या दोन्ही गोष्टी दाखल्यावर लिहिलेल्या असतात. दाखला आणि ई-आधार एकाच साइटवर गेले की पासवर्ड असून नसल्यासारखा.

आता झाकते कशी ते. लग्नपत्रिकेचा जाड कागद घेते, त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापते. साध्या कागदातून, विशेषतः झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरच्या उजेडात, खालचं अक्षर दिसतं, म्हणून जाडच पाहिजे. पट्टीवर पेनने ठळक N1, N2 असं लिहायचं आणि कुठल्या रकान्यावर कुठली पट्टी ते वहीत नोंदवायचं. माझ्या वहीत मुलीच्या दाखल्यासाठी असं आहे: N1 आधार, N2 स्टुडंट आयडी, N3 जनरल रजिस्टर नंबर, N4 मुलीचं नाव, N5 आईचं नाव, N6 धर्म-जात, N7 जन्मतारीख अंकी, N8 जन्मतारीख अक्षरी. उघडं राहतं ते म्हणजे शाळेचं नाव, आधीची शाळा, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण, शेरा, आणि खालचं ते रजिस्टरप्रमाणे माहिती बरोबर असल्याचं वाक्य. खरी मदत तेवढ्याचीच लागते. तयार फाइलमध्ये रकान्यांत N1, N2 तसेच उतरतात, मग वर्डमध्ये माझ्या कॉम्प्युटरवर एकेक बदलते. धर्म-जात एका शब्दाचं काम, तेही हातानेच. एकदा N1 आणि N7 ची वाचताना अदलाबदल झाली होती, म्हणून आता 1 आणि 7 स्पष्ट काढते आणि शेवटी मूळ कागदाशी रकाना रकाना ताडून बघते.

पट्ट्या लावून झाल्या की कागद सपाट टेबलावर, खिडकीकडे पाठ करून फोटो. खिडकीच्या काचेवर कागद धरून काढू नका, मागून उजेड आला की पट्टीतून आणि मागच्या पानावरून सगळं दिसतं. फोटो मोठा करून पट्टीच्या कडा बघायच्या, अर्धं अक्षर बाहेर डोकावतंय का. या पद्धतीचा मोठा फायदा असा की उघड्या कागदाचा फोटो फोनमध्ये कधी तयारच होत नाही, म्हणजे तो गॅलरीच्या बॅकअपमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये पडून राहायचा प्रश्नच नाही.

फोनवर फोटो काढून मग एडिट करून झाकणं मला पटत नाही. गॅलरीतला हायलायटर पेन काळा दिसला तरी थोडा पारदर्शक असतो, ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की आकडे वर येतात. ब्लर केलेले नंबर तर बऱ्याचदा ओळखता येतात, कारण फॉन्ट ठरलेला आणि आकडे दहाच. क्रॉपवरही पूर्ण भरवसा नाही, 2023 मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या एडिटरमध्ये आणि विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्ये कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहतो अशी चूक सापडली होती, नंतर दुरुस्त केली, पण त्याआधी पाठवलेल्या फाइल तशाच राहिल्या. करायचंच असेल तर पूर्ण भरलेला काळा चौकोन टाका, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो स्क्रीनशॉट पाठवा.

ऑनलाइन मिळालेल्या पीडीएफचं वेगळं. तिच्यात अक्षरं चित्र म्हणून नसतात, मजकूर म्हणून असतात, त्यामुळे वर काळा चौकोन काढला तरी खाली मजकूर जिवंत राहतो. तपासायला फाइल उघडून सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, झाकलेला नंबर तिथे उमटला तर झाकणं फुकट गेलं. माझ्या जाऊबाईंनी त्यांचा दाखला असाच झाकून मला पाठवला होता, मी पेस्ट करून त्यांना दाखवलं तर त्यांचा विश्वासच बसेना. त्यावर सोपा उपाय म्हणजे प्रिंट काढा आणि परत लग्नपत्रिकेच्या पट्ट्या.

एका गोष्टीला याचा उपयोग नाही, ती म्हणजे फायनल सर्टिफाइड ट्रान्सलेशन. यूकेच्या व्हिसासाठी ट्रान्सलेशन अचूक असल्याचं ट्रान्सलेटरचं लेखी निवेदन, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो, आणि सही करणाऱ्याला मूळ कागद पूर्ण बघायलाच हवा. जर्मनीसाठी नणंदेला मान्यताप्राप्त ट्रान्सलेटरच सांगितलाय. तिथे मी माझा तयार मसुदा आणि मूळ कागद घेऊन स्वतः जाते, समोर बसून तपासून घेते, मेलवर स्कॅन पाठवत नाही. स्कॅन पाहिजेच म्हणाले तर त्यावर आडवं मोठ्या अक्षरात ‘फक्त अमुक व्हिसाच्या ट्रान्सलेशनसाठी’ आणि तारीख लिहून देते, रकान्यांवरून जाईल असं, कोपऱ्यात नाही, कोपरा कापता येतो. आणि मसुदा आधीच तयार असल्यामुळे त्यांचंही काम लवकर होतं.

साइटला पाचपैकी तीन देईन. ट्रान्सलेशनला चार दिले असते, पण डिलीट केलेली फाइल लिंकवर उघडते याचा एक गेला. त्यांना दोनदा मेल करून विचारलं की फाइल कधी पुसता, उत्तर आलं ‘तुमची माहिती सुरक्षित आहे’, तारीख काही आली नाही. ती येईपर्यंत तिथे माझ्या घरातल्या कोणाचाही कागद पट्ट्यांशिवाय जाणार नाही.