‘फेअर करून देतो सर’ म्हणाला आणि मी खरा कागद त्याच्या हातात दिला

एका सेफ्टी एजंटच्या नादात एकूण ३८,५०० रुपये गेले. १५,००० आगाऊ आणि २३,५०० फाइल हातात आल्यावर. फायर ड्रिल, अर्ध्या दिवसाचं सेफ्टी ट्रेनिंग आणि ‘ऑडिटला चालेल असं पूर्ण डॉक्युमेंटेशन’ असं पॅकेज होतं. असले एजंट कसे असतात ते तुम्हाला माहीत आहेच. मलाही माहीत होतं, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

ड्रिल झालंच नाही असं नाही, मी स्वतः हजर होतो. सायरन वाजला, लोक खाली आले. स्टोअरमधली चार माणसं मागे राहिली होती, ती येईपर्यंत सात मिनिटं झाली. हजेरीचा कागद एका पुठ्ठ्यावर लावून फिरवला. कुणी उभं राहून सही केली, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून. मधेच पेन संपलं, म्हणून अर्ध्या सह्या निळ्या आणि अर्ध्या काळ्या. ९७ सह्या झाल्या आणि बाकीचे सही न करताच जागेवर गेले. तो कागद बघून हा गृहस्थ म्हणाला, “सर, हे ऑडिटरला दाखवणार? द्या, फेअर करून देतो. फक्त एम्प्लॉयी लिस्टची एक्सेल पाठवा.”

इथेच मला कळायला हवं होतं. हजेरी फेअर करायला नावांची यादी कशाला लागते? पण त्या आठवड्यात पगाराचं कामही माझ्याच गळ्यात होतं आणि सेफ्टीसाठी वेगळा माणूस मागून दोन वर्षं झाली होती. मी यादी पाठवली, आणि मूळ कागदाचा साधा फोटोही न काढता तो त्याला देऊन टाकला.

फाइल मात्र देखणी आली. यादीत १८६ नावं, समोर १८६ सह्या. बाहेर पडायला लागलेला वेळ ३ मिनिटं ०० सेकंद. मागे राहिलेले: निरंक. मी खूश होऊन उरलेले पैसे भरले.

ग्राहक कंपनीच्या ऑडिटर मॅडमनी पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “तुमची माणसं असेंब्ली पॉइंटला वर्णानुक्रमाने येतात का?” मग त्यांनी त्या दिवसाचे गेटचे पंच मागवले. सायरनच्या वेळी आत होते १४९. रात्रपाळीचे २६ घरी झोपलेले, ११ रजेवर, त्यातली एक तर बाळंतपणाच्या रजेवर. सह्या सगळ्यांच्या. कंत्राटी कामगार खरोखर मैदानात उभे होते, पण कंपनीच्या यादीत नसल्यामुळे त्यांची एकही सही नव्हती. शिवाय कागदाच्या तळाशी फॉर्मची आवृत्ती छापली होती, आणि ती लागू झाल्याची तारीख ड्रिलनंतरची होती! मेजर एनसी, म्हणजे गंभीर त्रुटीची नोंद, लागली. एक रेकॉर्ड बनावट निघाल्यावर त्यांनी अग्निशामक सिलिंडरच्या तपासणी कार्डांपासून सगळंच उकरून काढलं.

मी विचारलं, ९७ सह्यांचा खरा कागद असता तर? त्या म्हणाल्या, “बाकीचे का राहिले ते लिहून त्यांचं ट्रेनिंग पुन्हा घेतलं असतंत, तर एक निरीक्षण लिहून पुढे गेले असते.”

ड्रिलच्या हजेरीचा ताळा गेटच्या आकड्याशी लागतो, कंपनीच्या यादीशी नाही. सायरन वाजताच आत किती माणसं आहेत ते गेटवरून घ्या, पाहुणे आणि कंत्राटी धरून, आणि मैदानातली मोजणी त्याशेजारी लिहा. फरक आला तर येऊ द्या, कारण लिहा. रात्रपाळीचं ड्रिल रात्रीच घ्या.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे बिल आहे, काम झालंय, हा दिवाणी मामला. बरं, दिवाणी तर दिवाणी, निदान अर्जाची पोच तरी द्या, तर साहेब जेवायला गेलेले. अग्निशमन कार्यालयात सांगितलं की खासगी ट्रेनरशी आमचा संबंध नाही. तिथून पाठवलं कारखान्यांच्या सुरक्षा कार्यालयात. तिथल्या बाबूने फाइल चाळली आणि मलाच विचारलं, “खाली तुमची सही आहे ना? मग खोटं रेकॉर्ड सादर केलं कुणी?” तीन कार्यालयं, पाच फेऱ्या, आणि शेवटी आरोपी मीच! सही माझी होती हे खरं, पण मी ‘तपासले’च्या रकान्यात केली होती, आणि तपासलं नव्हतं हेही खरं.

एजंटने फाइल दिली तर त्यातली रजेवरच्या माणसाची ओळ आधी शोधा. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही-तारीख करा, व्हाइटनर नको. आणि मूळ कागद त्याच संध्याकाळी स्कॅन करून स्वतःलाच मेल करा, म्हणजे तारखेवर कुणी बोट ठेवणार नाही.

तो अजून फोन उचलतो, हेही सांगतो. पैसे सोडा, ती दोन रंगांची शीट तरी परत दे म्हटलं. म्हणाला, “ती रद्दी होती सर, फेकली.”