कागदी विमानांची स्पर्धा: मुलांना बाण द्यावा की ग्लायडर?

मुलांनी विमान नुसतं फेकायचं नाही, तर पंख आणि वजन बदलून अंतर मोजायचं आणि नोंदी ठेवायच्या, अशी स्पर्धा घेणाऱ्याला सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी लागते: सगळ्यांना कोणती घडी शिकवायची? टोकदार नाकाचा, अरुंद पंखांचा बाण, की बोथट नाकाचं, रुंद पंखांचं ग्लायडर?

लांब जाण्याची क्षमता दोन्हींत आहे. 2012 साली 69.14 मीटरचा जागतिक विक्रम झाला तो ग्लायडरने. डिसेंबर 2022 मध्ये 88.31 मीटर गेलेलं विमान बाणाच्या घाटाचं होतं. पण 2012 चं ते ग्लायडर फेकणारा अमेरिकन फुटबॉलचा माजी खेळाडू होता, हे विसरू नये. अंतरात हाताचा वाटा मोठा असतो, आणि आपल्या स्पर्धेची खरी अडचण तिथेच आहे.

बाण जोरात फेकावा लागतो. त्याचे पंख लहान असल्याने तो वेगावर टिकतो. वेग संपला की खाली येतो. त्यामुळे मुलाने किती जोर लावला आणि कोणत्या कोनात सोडलं, यावरच बरंचसं अंतर ठरतं. ग्लायडर हळूच पुढे ढकललं तरी पुरतं. उलट जोर लावला तर ते नाक वर करून थबकतं आणि आपटतं, म्हणून मुलं आपोआपच दर वेळी सारखं फेकायला शिकतात.

फरक नोंदवहीत कसा दिसतो ते पाहू. समजा, एकाच मुलाने दोन्ही विमानं नाकाला पेपरक्लिप न लावता आणि लावून, प्रत्येकी पाच वेळा फेकली. अंतरं मीटरमध्ये अशी आली:

| विमान | पाच फेका | चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा |
|---|---|---|
| बाण, क्लिपशिवाय | 9.5, 14.2, 6.8, 12.1, 8.0 | 9.5 |
| बाण, क्लिपसह | 10.4, 7.2, 13.6, 8.9, 11.0 | 10.4 |
| ग्लायडर, क्लिपशिवाय | 5.8, 6.4, 6.2, 6.7, 5.9 | 6.2 |
| ग्लायडर, क्लिपसह | 7.1, 7.6, 6.9, 7.3, 7.4 | 7.3 |

बाणाच्या बाबतीत क्लिपने 0.9 मीटरचा फायदा झाला असं वाटतं. पण एकाच प्रकारच्या फेकांमध्ये सात मीटरहून जास्त तफावत आहे, तेव्हा हा फायदा क्लिपचा की हाताचा, हे सांगता येत नाही. ग्लायडरचं तसं नाही. क्लिपसह सगळ्यात वाईट फेकही क्लिपशिवायच्या सगळ्यात चांगल्या फेकीपेक्षा पुढे आहे. म्हणून माझा कौल स्पष्टपणे ग्लायडरला. अंतर कमी पडतं खरं, पण मुलाने केलेला बदल आकड्यांत दिसतो.

वजनाचा प्रयोगही ग्लायडरवरच खुलतो. 80 जीएसएमचा ए-फोर कागद साधारण 5 ग्रॅमचा असतो, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची क्लिपसुद्धा वजनात दहा टक्के भर घालते. मुलं लगेच लिहितात, ‘वजन वाढलं म्हणून लांब गेलं.’ इथे त्यांना तिसरी चाचणी करायला लावा. विमान पंखांखालून दोन बोटांवर तोला, जिथे ते समतोल राहतं तिथेच क्लिप लावा आणि पुन्हा फेका. वजन तितकंच वाढलं, पण तोल जागचा हलला नाही. क्लिपशिवाय विमान लाटेसारखं वर-खाली होत असेल आणि नाकावर क्लिप लावल्यावर ते थांबलं असेल, पण आता थांबत नसेल, तर आधीचा फायदा क्लिपच्या वजनाचा नव्हता, तोल नाकाकडे सरकल्याचा होता. नाकावर दुसरी क्लिप लावली की बहुधा उलटं होतं: विमान सरळ जमिनीकडे झेपावतं. तेव्हा पंखांच्या मागच्या कडा दोन-तीन मिलिमीटर वर वळवल्या की नाक पुन्हा उचललं जातं.

पंखांची चाचणी वेगळी घ्यावी. त्या वेळी क्लिप जिथे आहे तिथेच ठेवायची आणि फक्त पंखांची टोकं वर दुमडून पाहायची. दोन बदल एकदम केले तर त्या नोंदीतून काहीच कळत नाही.

विमान कोणतंही असो, फेकांचा क्रम आलटून-पालटून ठेवा: एक क्लिपशिवाय, एक क्लिपसह. प्रत्येक आपटण्यागणिक नाक चेपत जातं. आधी एका प्रकारच्या पाच आणि मग दुसऱ्या प्रकारच्या पाच फेकल्या, तर दुसऱ्या प्रकारावर अन्याय होतो. अंतर फेकरेषेपासून सरळ पुढे मोजायचं की विमान पडलं त्या जागेपर्यंत तिरकं, हेही आधीच ठरवा, कारण वळत जाणाऱ्या विमानाचे या दोन पद्धतींत वेगळे आकडे येतात.

बाण निवडावा असे दोन प्रसंग आहेत. एक, जागा उघड्यावरचीच असेल तर. जरासा वारा आला तरी ग्लायडर भरकटतं. दुसरा, मुलं मोठी असतील आणि विमान हाताऐवजी दर वेळी मोजून तितकंच ताणलेल्या रबराने सोडता येणार असेल तर. मग हाताचा जोर हिशेबातून जातो आणि बाणाच्या नोंदींतूनही पंख आणि वजनाबद्दल काहीतरी हाती लागतं. बंद खोलीत, पंखे थांबवून लहान मुलांची स्पर्धा घेणार असाल, तर ग्लायडरच द्या.