आठवड्याच्या लिंक निवडून देताना: एक ओळ, सारांश की जोडटीप?

ठाणे आणि नवी मुंबईबद्दल आठवडाभरात वाचण्यासारखे काय आले ते निवडून लोकांपुढे ठेवायचे, असे ठरवणाऱ्याला लिंक शोधायला फार कष्ट पडत नाहीत. खाडी, मेट्रो, पाणी, विमानतळ, पुनर्विकास यांवर रोज काही ना काही येतच असते. खरा निर्णय पुढे असतो, की त्या लिंकखाली आपण काय लिहायचे. ऐरोलीच्या एका निवृत्त शिक्षिकांनी मला हेच विचारले. खाडी आणि वाहतूक या दोनच विषयांवर दर शनिवारी थोडे निवडून द्यायचे, असे त्यांच्या मनात आहे. हाताशी आठवड्यातली एक संध्याकाळ आहे. पुढची तुलना त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारखे ठरवत असलेल्यांसाठी आहे.

रस्ते साधारण तीन. पहिला म्हणजे लिंक आणि खाली एक ओळ. दुसरा, लिंक आणि तिचा तीन-चार वाक्यांत सारांश. तिसऱ्याला मी जोडटीप म्हणतो: मूळ मजकुरात नसलेली, पण तो वाचताना लागणारी एखादी गोष्ट आपण शोधून जोडायची. हा फरक नुसता सांगून नीट कळत नाही, म्हणून एकच लिंक तिन्ही प्रकारे लिहून पाहू.

समजा, ठाणे खाडीवरचा एक चांगला माहितीपर लेख हाती आला. त्यात रामसर दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मिळालेल्या मान्यतेची माहिती आहे, फ्लेमिंगोंचे वर्णन आहे, खारफुटीचे महत्त्व सांगितले आहे. एका ओळीत त्याचे असे होईल:

«ठाणे खाडी आणि फ्लेमिंगो, जरूर वाचा.»

सारांश असा होईल:

«ठाणे खाडीचा 2022 मध्ये रामसर यादीत समावेश झाला. क्षेत्र सुमारे 6,521 हेक्टर आहे. दरवर्षी येथे मोठ्या संख्येने फ्लेमिंगो येतात. लेखात खारफुटीचे महत्त्व आणि प्रदूषणाचा धोका सांगितला आहे.»

आणि जोडटीप अशी:

«लेखात खाडीचे क्षेत्र 6,521 हेक्टर दिले आहे. इतरत्र 1,690 हेक्टर वाचले असेल तर गोंधळू नका, दोन्ही आकडे बरोबर आहेत. 2015 मध्ये घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे 1,690 हेक्टरचे आहे. रामसर क्षेत्रात त्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही धरला आहे. अभयारण्यात जी बंधने आहेत ती सगळी त्या पट्ट्यात नाहीत. म्हणून ‘खाडी संरक्षित आहे’ असे वाक्य आले की त्यातला कोणता भाग, एवढे विचारून पुढे वाचा.»

एका ओळीवरून वाचकाला कळते ते इतकेच, की तुम्हाला लेख आवडला. तुमच्या आवडीवर त्याचा आधीपासून विश्वास असेल तर तेवढे पुरते, पण नव्या वाचकाला तो विश्वास कुठून येणार? सारांशात चूक काहीच नाही आणि तो वाचायलाही सोपा आहे. मात्र त्यातले प्रत्येक वाक्य मूळ लेखात आहे. असा सारांश वाचणारा माणूस बहुधा लेख उघडत नाही, कारण आपल्याला तो कळला असे त्याला वाटते. ज्याने खाडीकाठी फिरून लेख लिहिला त्याचा वाचक आपण अडवला आणि वाचकालाही मूळ लेखातली खोली मिळू दिली नाही. जोडटिपेने उलट होते. टीप वाचून झाल्यावर लेख उघडण्याचे कारण वाढते, कारण आता वाचकाकडे लेखाला विचारायचा एक प्रश्न असतो.

ही टीप लिहायला नेमके काय करावे लागते, ते पाहिल्यावरच निर्णय घेता येईल. लेख शेवटपर्यंत वाचायचा, हे पहिले. वाचताना आकडे, तारखा आणि ‘आता’, ‘यापुढे’, ‘पहिल्यांदाच’ असे शब्द असलेली वाक्ये बाजूला लिहून ठेवायची. मग त्यातले एकच वाक्य घेऊन मुळापर्यंत जायचे. खाडीच्या बाबतीत मूळ म्हणजे अभयारण्याची राज्य सरकारची अधिसूचना, पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची केंद्राची अधिसूचना आणि रामसरच्या नोंदीतले माहितीपत्रक. हे कागद शेजारी ठेवले की दोन आकडे का दिसतात ते पाचेक मिनिटांत उलगडते. शेवटी, लेखकाला हे माहीत नव्हते की त्याच्या विषयात बसत नव्हते, याचा विचार करायचा. बहुतेक वेळा दुसरे कारण असते. म्हणून टिपेचा सूर चूक पकडल्यासारखा नसावा. वरच्या टिपेत लेखावर एकही आरोप नाही, तरी भर पडली आहे.

याच लेखाखाली आणखी दोन गोष्टी लिहिण्याचा मोह होतो. एक म्हणजे नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागा. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो तिथे विसावायला येतात, पण त्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. दुसरी अशी, की रामसर हा 1971 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या यादीत नुसते नाव आल्याने ठाणे खाडीला वेगळा नवा कायदा लागू झाला, असे होत नाही. खाडीकाठी प्रत्यक्ष अडवणूक होते ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनी आणि खारफुटीबद्दलच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने. दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, तरी मी ते या टिपेत घालणार नाही. एका लिंकखाली एकच भर असावी. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की टीपच लेख होते आणि खालची लिंक तळटिपेसारखी उरते. भरतीचा मुद्दा पुढे नेरूळच्या तलावांची बातमी येईल तेव्हासाठी राखून ठेवावा. अशी राखून ठेवलेल्या मुद्द्यांची एक वही काही आठवड्यांत तयार होते आणि पुढचे काम तिच्यामुळे हलके होते.

सारांशाची एक अडचण शनिवारी लिहिताना लक्षात येत नाही, ती वाहतुकीच्या बातम्यांत सापडते. सारांश मूळ मजकुराशी प्रामाणिक असतो, म्हणून मूळ मजकुरातली ढिलाईही तो प्रामाणिकपणे पुढे नेतो. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झाले आणि प्रवासी उड्डाणे 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाली. त्या मधल्या काळात ‘विमानतळ सुरू झाला’ असे मथळे फिरत होते. ऑक्टोबरातल्या बातमीचा नेटका सारांश वाचून एखाद्याने नोव्हेंबरच्या प्रवासाचा बेत केला असता, तर चूक बातमीची की सारांशाची? जोडटिपेत ‘हे उद्‌घाटन आहे, उड्डाणे अजून सुरू व्हायची आहेत’ एवढे एक वाक्य पुरले असते. उद्‌घाटन, चाचणी आणि प्रत्यक्ष सेवा या तीन तारखा वेगळ्या काढून देणे, वाहतुकीच्या जवळजवळ प्रत्येक लिंकखाली उपयोगी पडते. जुनी बातमी नव्याने फिरत असेल तर तिची मूळ तारीख टिपेच्या सुरुवातीलाच द्यावी.

जोडटिपेचेही दोष आहेत आणि ते लहान नाहीत. एका चांगल्या टिपेला वाचन धरून अर्धा-पाऊण तास सहज जातो. एका संध्याकाळी तीन, फार तर चार टिपा होतात. बाईंनी दहा लिंकांना जोडटिपा लिहायचे ठरवले, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून टिपांची धार जाईल. ते ओळखणे सोपे आहे. टिपेत ‘चिंताजनक’, ‘स्वागतार्ह’, ‘लाजिरवाणे’ असे शब्द वाढू लागतात. ती मते असतात, भर नसते. मत द्यायला हरकत नाही, पण त्याआधी वाचकाच्या हाती नवी गोष्ट पडलेली असावी. मी एक चाचणी वापरतो: नुसता मथळा वाचलेल्या माणसाला ही टीप लिहिता आली असती का? आली असती तर ती खोडावी.

दुसरा दोष जास्त धोक्याचा आहे. जोडलेली गोष्ट आठवणीतून लिहिली आणि ती चुकली, तर मूळ लेख बरोबर आणि टीप चूक, असे होते. म्हणून जोडलेल्या विधानाचा मूळ कागद डोळ्यांसमोर नसेल तर ती भर घालू नये. विषयच अनोळखी असेल, उदाहरणार्थ बोगद्याच्या खोदकामाचे तंत्र, तर सारांश लिहावा आणि लेखातला कोणता भाग आपल्या वाचकाला भिडेल ते दाखवून द्यावे. ‘पहिला अर्धा भाग यंत्रांचा आहे, घोडबंदर रोडवाल्यांनी माजिवड्याच्या पुढचा मजकूर पाहावा’ हीसुद्धा छोटी भरच आहे.

एक ओळ कुठे बरी, तर जिथे वाचकाला विचार नको, माहिती हवी आहे. मोरबे धरणाच्या जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असेल, तर कोणते नोड, कोणता दिवस, किती ते किती, एवढेच लिहावे आणि महापालिकेच्या मूळ सूचनेची लिंक द्यावी. तिथे संदर्भ जोडत बसलो तर ज्याला पिंप भरून ठेवायचे आहे त्याचा वेळ जातो. मेगाब्लॉकचेही तसेच.

म्हणून बाईंना मी तीन जोडटिपा आणि त्याखाली पाच-सहा एकोळी लिंका असा साचा सुचवला. सारांश नेहमीसाठी नको. मूळ मजकूर इंग्रजीत असेल, किंवा लांबलचक सरकारी दस्तऐवज असेल आणि वाचक तो उघडण्याची शक्यताच नसेल, तेव्हाच तो लिहावा. पन्नास पानांच्या अहवालाचा मराठीत चार ओळींचा गोषवारा ही खरी सेवा आहे. मात्र त्यात पान क्रमांक द्यावा, म्हणजे पडताळायचे असेल त्याला पडताळता येते.

टिपेची लांबी साठ-सत्तर शब्दांच्या आत ठेवावी. ठाणे-वाशी गाडीत उभ्याने फोन पाहणारा वाचक तेवढे एका दमात वाचतो आणि लिंक आता उघडायची की घरी गेल्यावर, ते ठरवतो. टिपेच्या पहिल्याच वाक्यात भर असावी. लेख कुठे आला, कोणी लिहिला हे त्यानंतर, पण लेखकाचे नाव द्यायचे चुकवू नये. मूळ मजकुरातला उतारा घ्यायचा असेल तर एक-दोन वाक्ये अवतरणात घ्यावीत. परिच्छेदच्या परिच्छेद उचलले तर ती निवड राहत नाही. बातमीची आणि तिच्यामागच्या मूळ कागदाची अशा दोन्ही लिंका दिल्या तर उत्तम, कारण बातमीचा पत्ता काही वर्षांनी मिळेनासा झाला तरी अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख टिपेत असल्यास वाचक ती शोधू शकतो.

बाईंचा पुढचा प्रश्न होता, तीन टिपा भरतील असे काही नसेल त्या आठवड्याचे काय. तर त्या शनिवारी एकच टीप द्यावी आणि खाली पाण्याच्या व गाड्यांच्या एकोळी सूचना ठेवाव्यात.